बुडिताची मोजणी : सरदार सरोवर आणि निमाडची गावं



या व्याख्यानमालेत आजवर साहित्यिक बोलले, इतिहासाचे अभ्यासक बोलले. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. त्यामुळे विषय विचारला गेला तेव्हा मी धरणाचं नाव घेतलं आणि कार्यवाह थोडे गप्प झाले. पण मला दुसरं काही तितकं माहीत नाही. पदवी घेतल्यावर पहिली सहा वर्षं मी बडवानीकडे दवाखाना चालवला. पुढे इंदूरला आलो, तरी तिकडचे पेशंट येत राहिले, आणि महिन्यातून एक रविवार मीही जात राहिलो. त्या तीसपस्तीस वर्षांत ज्यांच्या डोकेदुखीचं औषध मी दिलं, त्यांची गावं एकेक करून पाण्याखाली गेली. भाषण आता छापून निघणार आहे, म्हणून सभागृहात नसलेल्या वाचकांनाही सांगतो: मी आंदोलनातला कार्यकर्ता नाही आणि सरकारी माणूसही नाही. जे पाहिलं आणि त्यासाठी जे कागद वाचावे लागले, तेवढंच माझ्याकडे आहे.

आधी एक गोष्ट कबूल करून टाकू. आपण इंदूरकर नर्मदेचंच पाणी पितो. १९७८ पासून ते जळूदहून, सत्तर किलोमीटरवरून, पंपाने चढवून आपल्या टाक्यांत येतं. ते सरदार सरोवराचं पाणी नाही, जळूद बरंच वर आहे. पण सरदार सरोवराच्या विजेत मध्यप्रदेशाचा वाटा ५७ टक्के ठरलेला आहे, महाराष्ट्राचा २७ आणि गुजरातचा १६. म्हणजे या सभागृहातला पंखा कोणत्या विजेवर फिरतो, हे विचारायला गेलं तर आपल्यापैकी कुणालाही बाजूला उभं राहता येणार नाही.

फायदा खरा आहे. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण आपल्याकडे या विषयावर बोलणारा माणूस पहिल्या वाक्यातच एका बाजूला जाऊन बसतो. माझ्या भाचीचं सासर सुरेंद्रनगरचं. तिच्या सासूबाईंचं अर्धं आयुष्य हंड्यांच्या रांगेत गेलं. १९८६ साली राजकोटला आगगाडीने पिण्याचं पाणी न्यावं लागलं होतं, ते त्यांना कालच्यासारखं आठवतं. आज त्यांच्या नळाला पाणी आहे आणि ते नर्मदेचं आहे. मुख्य कालवा ४५८ किलोमीटर लांब, राजस्थानच्या हद्दीपर्यंत गेलेला, आणि पुढे बाडमेर-जालोरपर्यंत पाणी पोचलेलं. गुजरातमध्ये अठरा लाख हेक्टरांवर ओलिताचं उद्दिष्ट. ते सगळं अजून पुरं झालेलं नाही, पण त्या सासूबाईंसमोर धरणाला नावं ठेवायची माझी छाती होत नाही, आणि ठेवावीत असंही मला वाटत नाही.

प्रश्न तराजूच्या दुसऱ्या पारड्याचा आहे. या पारड्यात काय ठेवायचं हे कुणीतरी ठरवतं, आणि ते ठरवण्याची पद्धत बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. आजचा माझा विषय तेवढाच. बुडीत मोजतात कसं?

पंडित नेहरूंनी पायाभरणी केली ती ५ एप्रिल १९६१ रोजी. त्यानंतर राज्यांचं भांडण लागलं, किती उंच बांधायचं आणि पाणी कुणाला किती. १९६९ साली न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. त्याने दहा वर्षं घेतली आणि डिसेंबर १९७९ मध्ये अंतिम निवाडा दिला. उंची ठरली ४५५ फूट, मीटरमध्ये १३८.६८. या निवाड्याचं पुनर्वसनाचं प्रकरण मी वाचलं तेव्हा खरं सांगायचं तर चकित झालो. तोपर्यंत या देशात धरणग्रस्ताला रोख पैसे देऊन वाटेला लावायची रीत होती. आपल्या मराठी माणसाला हे नवीन नाही, मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला तो याच गोष्टीवर. या लवादाने म्हटलं, जमिनीला जमीन द्या. आणि ती ओलिताची द्या. खर्च सगळा गुजरातने सोसावा, कारण सिंचनाचा मोठा लाभ त्याचा. विस्थापिताने गुजरातमध्ये जावं की आपल्याच राज्यात राहावं, हे त्याने ठरवावं. पुनर्वसन बुडिताच्या निदान सहा महिने आधी पुरं व्हावं, आणि सगळी नुकसानभरपाई व पुनर्वसनाची व्यवस्था झाल्याशिवाय मध्यप्रदेश-महाराष्ट्रातली कोणतीही जमीन बुडवू नये.

वसाहतीत काय काय हवं याची यादीही त्यात आहे. घरासाठी साठ फूट बाय नव्वद फुटांचा भूखंड. शंभर कुटुंबांमागे तीन खोल्यांची प्राथमिक शाळा. पाचशे कुटुंबांमागे दवाखाना. पन्नास कुटुंबांमागे गुरांच्या डोणीसह एक विहीर. आणि पन्नास कुटुंबांमागे एक झाडाचा पार. हो, पार. दिल्लीत बसलेल्या न्यायमूर्तींना गावाला पार लागतो हे सुचलं होतं. मी हे वाक्य दोनदा वाचलं.

आता नियम इतका चांगला असताना बिघडलं कुठे? माझ्या एका पेशंटच्या घरचं उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगत नाही. नर्मदेच्या उत्तर तीरावरचं, धार जिल्ह्यातलं गाव. दोघे भाऊ, वाटण्या झालेल्या. थोरल्याकडे सहा एकर, धाकट्याकडे आठ एकर. जमीन काळी, निमाडची. कापूस, मिरची, थोडी केळी. दोघांच्याही शेताची एक पट्टी नदीकडे उतरत गेलेली. थोरल्याची दोन एकर पट्टी बुडितात आली, धाकट्याची पावणेदोन एकर.

निवाड्याचा नियम असा की ज्याची पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन संपादित झाली, त्यालाच जमिनीच्या बदल्यात जमीन, आणि ती कमीत कमी दोन हेक्टर. थोरल्याचे सहातले दोन गेले, म्हणजे तेहेतीस टक्के. तो पात्र झाला. दोन एकर गेले आणि हक्क लागला दोन हेक्टरांचा, म्हणजे जवळजवळ पाच एकरांचा. धाकट्याचे आठातले पावणेदोन गेले, ते भरतात बावीस टक्के. तो अपात्र. त्याला त्या पावणेदोन एकरांची रोख भरपाई, बस्स.

आपल्याला वाटेल, ठीक आहे, रेषा कुठेतरी आखावीच लागते. मलाही तसंच वाटलं होतं. मग धाकट्याने मला शेतावर नेलं. नदीकाठच्या त्या पावणेदोन एकरांतच त्याची विहीर होती आणि तिथेच नदीवरची मोटर बसवलेली होती. वरचे सव्वासहा एकर त्याच पाण्यावर भिजत. पट्टी गेली तेव्हा कागदावर बावीस टक्के जमीन गेली, पण पाणी शंभर टक्के गेलं. उरलेलं शेत कोरडवाहू झालं. तलाठ्याच्या उताऱ्यात क्षेत्रफळाचा रकाना असतो. विहीर आणि उभी झाडं यांचे पैसे वेगळे धरले जातात, तेही धरले गेले. पण पाणी तुटल्यामुळे उरलेल्या जमिनीचं काय झालं, हा प्रश्न पात्रतेच्या नियमात येतच नाही. होमिओपॅथीत आम्ही केस घेताना तासभर विचारत बसतो, झोप कशी, तहान कशी, पाय गार पडतात का, म्हणून लोक आमची थट्टा करतात. तो धाकटा भाऊ बांधावर उभा राहून बोलत होता तेव्हा मला वाटलं, याला कुणीतरी एवढाच प्रश्न विचारायला हवा होता की पाणी कुठून घेतोस.

आता थोरल्याकडे वळू, जो कागदावर जिंकला होता.

त्याला दोन सज्ञान मुलगे आणि एक बावीस वर्षांची मुलगी. निवाड्याप्रमाणे प्रत्येक सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब. मुलगी नाही. तिचा उल्लेखच नाही. मुलग्यांना जमीन मिळणार की नाही, यावर राज्य सरकारने वर्षानुवर्षं हात आखडता घेतला. ज्याच्या स्वतःच्या नावाची जमीन गेली नाही त्याला जमीन कशाला, असा युक्तिवाद. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००५ मध्ये सांगितलं की खातेदाराच्या सज्ञान मुलग्यांनाही जमिनीचा हक्क आहे. शेजारच्या गुजरातने भूमिहीनांना आणि सज्ञान मुलग्यांनाही दोन हेक्टर देण्याचं धोरण खूप आधी घेतलं होतं. मध्यप्रदेशाने घेतलं नाही. पण गुजरातला जायला थोरला तयार नव्हता. म्हातारी आई, बोली वेगळी, सोयरीक सगळी निमाडात. त्याचा तो हक्क निवाड्यानेच दिलेला होता.

मध्यप्रदेशात त्याला ज्या जमिनी दाखवल्या त्या त्याने नाकारल्या. एक खडकाळ होती. दुसऱ्या जागेवर आधीच दुसरं कुणी कसत होतं, आणि त्या माणसाशी भांडून तिथे राहायचं कसं? मग सरकारने रोख रकमेचं विशेष पॅकेज काढलं. दोन हेक्टरांसाठी ५ लाख ५८ हजार रुपये, दोन हप्त्यांत. पहिला हप्ता हातात, आणि दुसरा केव्हा, तर जमीन विकत घेतल्याची रजिस्ट्री दाखवाल तेव्हा. म्हणजे जमिनीला जमीन हे तत्त्व कागदावर शाबूत राहिलं, फक्त ती शोधण्याचं काम विस्थापितावर आलं.

इथे मी जरा थांबतो, कारण पुढे जे झालं ते पुष्कळांना ‘लोकच लबाड होते’ एवढ्यावर सोडून द्यायला आवडतं. एकाच वेळी हजारो लोक हातात पैसे घेऊन त्याच तीन-चार तहसिलींत जमीन शोधू लागले, की भाव काय होईल हे आपण व्यापारी घराण्यातली मंडळी मला सांगायला नकोत. ओलिताची पाच एकर त्या पैशांत मिळेना. पहिला हप्ता घराच्या पायात, लग्नात, कर्जात मुरू लागला. आणि रजिस्ट्री दाखवल्याशिवाय दुसरा हप्ता नाही. दलाल नेमके या फटीतून शिरले. ते खोट्या रजिस्ट्र्या करून देत. विकणारा कुठे अस्तित्वात नाही, कुठे जमीनच सरकारी, कुठे एकच जमीन चौघांना विकलेली. दुसरा हप्ता निघाला की मोठा वाटा दलालाचा. काहींना माहीत होतं, पुष्कळांना नव्हतं. या प्रकाराच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती एस. एस. झा यांचा आयोग नेमावा लागला आणि तो सात-आठ वर्षं चालला.

थोरल्याची रजिस्ट्री खोटी निघाली. तो माझ्याकडे आला तो छातीत धडधड होते म्हणून. मी त्याला हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवलं, तिथे काही निघालं नाही. मग त्याने पिशवीतून कागद काढला.

८ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा हिशेब केला. ज्या ६८१ कुटुंबांनी रोख पॅकेज घेतलंच नव्हतं, त्यांना दोन हेक्टरांचे म्हणून प्रत्येकी ६० लाख रुपये. दलालांकडून फसलेल्या १,३५८ कुटुंबांना प्रत्येकी १५ लाख, त्यातून आधी दिलेले वजा. आणि ३१ जुलै २०१७ पर्यंत सर्वांनी गाव सोडायचं. साठ लाखांचा आकडा वाचून इंदूरमध्ये एका स्नेह्याने मला विचारलं, ‘‘मग आता यांना तक्रार कसली?’’ माझं उत्तर असं, की त्याच जमिनीसाठी सरकारने आधी साडेपाच लाख धरले होते आणि न्यायालयाने साठ लाख धरले. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे धरण स्वस्तात पडल्याचा भास होता. तो खर्च कुणीतरी आधीच सोसत होतं, फक्त तो ताळेबंदात लिहिलेला नव्हता.

आणि ‘मोजक्या कुटुंबांचं नुकसान’ हा शब्दप्रयोगही तपासून बघावा. लवादासमोर १९७९ मध्ये अंदाज होता सात हजारांच्या आसपास कुटुंबांचा. पुढे हा आकडा सरकारी कागदांतच चाळीस हजारांच्या पुढे गेला, आणि त्यातली तेहेतीस हजार आपल्या मध्यप्रदेशातली. सज्ञान मुलगे वेगळे मोजल्याने वाढ झाली, पाहणी नीट झाली म्हणूनही झाली. तरी त्यात कालव्यात जमीन गेलेले नाहीत. केवडिया, कोठी, वाघडिया, लिमडी, नवागाम, गोरा या सहा गावांची जमीन धरणाच्या वसाहतीसाठी १९६१ मध्येच घेतली गेली, तीही नाहीत, कारण ती ‘बुडाली’ नाहीत. काठावरचे कुंभार, नावाडी, मासेमार मोजले गेले ते भूमिहीन म्हणून. कुंभाराला नदीची माती लागते आणि कहाराला नदीच लागते, पण त्याची जमीन नव्हती, तेव्हा त्याला थोडी रोख मदत आणि भूखंड. दोन मैल आत, टेकाडावर, मातीशिवाय कुंभाराने भूखंड घेऊन काय करायचं?

राहिली फुगवट्याची गोष्ट, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाणी सपाट असतं असं आपण शाळेत शिकतो. साचलेल्या तळ्यात असेलही. पण हा जलाशय २१४ किलोमीटर लांब आहे आणि वरून नदी येतेच आहे. पूर आला की येणाऱ्या पाण्याला पुढे साचलेल्या पाण्यावरून वाट काढावी लागते, ते अडतं, चढतं. म्हणून भिंतीजवळ पाणी १३८.६८ मीटरवर असलं तरी बडवानीच्या वरच्या अंगाला पुरात ते त्याहून वर असतं. किती वर, हे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर धरून गणिताने काढतात. त्या गणितावरून रेषा पडते, रेषेवरून घराला नंबर पडतो, नंबरावरून भूखंड मिळतो. पुढे हे गणित नव्याने केलं गेलं, पातळ्या खाली आल्या आणि १५,९४६ कुटुंबं बुडिताबाहेर काढली गेली. एका कागदाने. गणित बरोबर की चूक, हे सांगण्याची माझी लायकी नाही. मी फक्त हे पाहिलं, की २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा पूर्ण भरलं तेव्हा निसरपूर गेलं, चिखलदा गेलं, राजघाटाचा पूल गेला, आणि २०२३ च्या सप्टेंबरात मोठा पाऊस होऊन धरण काठोकाठ असताना बाहेर काढलेल्या घरांतही पाणी शिरलं. गांधीजींच्या अस्थींचं राजघाटावरचं स्मारक २०१७ मध्येच उचलून नेलं होतं. ज्या कसरावदला बाबा आमटे नव्वदच्या दशकात येऊन राहिले, ते तिथून फार लांब नाही. आपल्यातली काही मंडळी तेव्हा त्यांना भेटायला गेली होती, त्यांना तो काठ आठवत असेल. आता तो तसा नाही.

मला विचारलं जातं, मग धरण नको होतं का? माझं मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. धरण हवं होतं. पण निवाड्यातलं ते एक वाक्य, पुनर्वसनाआधी बुडीत नाही, हेच उंचीचं मोजमाप असायला हवं होतं. भिंत ८५ मीटरची ९० झाली, ११० च्या वर गेली, २००६ मध्ये जवळजवळ १२२ झाली. प्रत्येक टप्प्याला सरकारांनी कागद दिला की खालच्या सर्वांचं पुनर्वसन झालं आहे. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाला ६८१ अधिक १,३५८ कुटुंबं सापडली, म्हणजे ते कागद खरे नव्हते. धीराने घेतलं असतं तर सुरेंद्रनगरला पाणी उशिरा पोचलं असतं का? कालवे अपुरे असताना भिंतीचा शेवटचा टप्पा थांबल्याने किती फरक पडला असता, हे कुणीतरी कुटुंबागणिक बसून मांडायला हवं होतं. सहा वर्षांची घाई कुणाला होती आणि तिचा खर्च कुणी दिला, हे एका पानावर समोरासमोर लिहिलेलं मला आजवर कुठे दिसलेलं नाही.

गेल्या पौषात मी थोरल्याच्या वसाहतीत गेलो होतो. घर पक्कं आहे, सिमेंटचं. मुलगा पीथमपूरला कारखान्यात लागला आहे, मुलीचं लग्न झालं. पंधरा लाखांतून वजावट होऊन जे आलं त्यात दीड एकर घेतली, ती सोळा किलोमीटरवर आहे, त्यामुळे बटाईने दिली. धाकटा भाऊ जुन्याच जागी, उरलेल्या शेताच्या वरच्या बांधावर पत्र्याचं घर करून राहतो. पाणी आता त्याच्या बांधापासून शंभर पावलांवर आहे, जन्मात इतकं जवळ नव्हतं. पंप टाकला तर चालतो, पण पाणी चढतं-उतरतं, त्यामुळे पाइप सारखा सरकवावा लागतो, आणि गाळात रुतला की दोन दिवस जातात. थोरल्याच्या वसाहतीत पार मात्र बांधला आहे, निवाड्याप्रमाणे. सिमेंटचा, गोल. मधे पिंपळ लावला होता तो जगला नाही. मुरूम आहे खाली. दोन वर्षांपूर्वी कडुनिंब लावला, तो साधारण माझ्या खांद्याइतका झाला आहे. संध्याकाळी पाणी कोण घालतं, यावरून तिथल्या बायकांची वाटणी ठरलेली आहे. मी गेलो त्या दिवशी पाळी थोरल्याच्या बायकोची होती.